मशीन लर्निंग इंजिनिअरचं प्रोफाइल: एचआरला कळेल असं कसं लिहायचं?



रिझ्युमे आणि लिंक्डइन प्रोफाइल लिहून देण्याचं काम घरून सुरू केलेले आपल्या बॅचमध्ये बरेच जण आहेत. काही जण छोटी प्लेसमेंट कन्सल्टन्सी चालवतात. अकाउंटंट, सेल्स मॅनेजर, स्टोअर इन्चार्ज यांचं प्रोफाइल लिहिताना फारसं अडत नाही, कारण त्यांचं काम आपण रोज बघतो. गाडी अडते ती मशीन लर्निंग इंजिनिअरपाशी. क्लायंट बोलत असतो, आपण मान हलवत असतो आणि शेवटी तो जे सांगतो तेच जसंच्या तसं टाइप करून देतो. मग त्याने आपल्याला पैसे कशाचे द्यायचे?

आज आपण एकच उदाहरण घेणार आहोत आणि ते शेवटपर्यंत सोडवणार आहोत. उदाहरण मुद्दाम असं निवडलंय की दुकानदाराला लगेच कळेल. आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. पण हिशोबाची पद्धत खरी आहे आणि तीच तुम्हाला क्लायंटबरोबर वापरायची आहे.

८३ टक्केवाला आणि ९७ टक्केवाला

आधी हे लक्षात घ्या की प्रोफाइल सगळ्यात पहिल्यांदा कोण वाचतं. मोठ्या कंपनीत किंवा कन्सल्टन्सीत पहिली चाळणी एचआरमधला रिक्रूटर लावतो. त्याने मॉडेल बनवलेलं नसतं. त्याच्या हातात टीम लीडने दिलेली जॉब डिस्क्रिप्शन असते आणि समोर प्रोफाइलचा ढीग असतो. त्याला ठरवायचं असतं एवढंच की हा माणूस पुढे पाठवायचा की नाही.

आता आपल्या क्लायंटने लिहिलेली ओळ बघा:

> XGBoost वापरून सीओडी रिटर्न प्रेडिक्शन मॉडेल. अ‍ॅक्युरसी ८३%. ८० फीचर्स. एंड-टू-एंड पाइपलाइन.

त्याच ढिगात दुसऱ्या कोणाचं तरी प्रोफाइल आहे, त्यात लिहिलंय अ‍ॅक्युरसी ९७%. रिक्रूटर काय करेल? जे आपण दहावीच्या मार्कशीटला करतो तेच. ९७ वाला पुढे, ८३ वाला मागे.

आणि गंमत अशी की ८३ वाल्याने कंपनीचे दर महिन्याला लाखो रुपये वाचवलेले असू शकतात, आणि ९७ वाल्याचं मॉडेल एक दिवससुद्धा चाललेलं नसू शकतं. हे असं का होतं ते आधी आपल्याला समजायला हवं. ते समजलं की प्रोफाइल लिहिणं सोपं आहे.

मॉडेल नेमकं काय करतं?

कुरिअरने माल पाठवणाऱ्यांना आरटीओ माहीत आहे. गाडीच्या लायसन्सचा नाही, रिटर्न टू ओरिजिन! गिऱ्हाईक कॅश ऑन डिलिव्हरीवर ऑर्डर देतं, आपण पॅक करून पाठवतो आणि दारात गेल्यावर ते म्हणतं "नको". किंवा फोनच उचलत नाही, किंवा पत्ता सापडत नाही. माल परत येतो. जातानाचं कुरिअर, येतानाचं कुरिअर, पॅकिंग, सगळं आपल्या खिशातून जातं. माझ्या दुकानातून महिन्याला मोजकी पार्सलं जातात, तरी प्रत्येक परत आलेलं पार्सल लक्षात राहतं.

आता एक ऑनलाइन कपडे विकणारी कंपनी धरा. महिन्याला कॅश ऑन डिलिव्हरीच्या १ लाख ऑर्डर. त्यातल्या २०,००० परत येतात. एका परतीचा खर्च १५० रुपये धरला तर महिन्याला ३० लाख रुपये नुसते रस्त्यावर जातात.

आपल्या क्लायंटने बनवलेलं मॉडेल प्रत्येक ऑर्डर पॅक होण्याआधी तिला एक गुण देतं: ही परत येण्याची शक्यता किती. गुण कशावरून देतं? ज्यावरून अनुभवी दुकानदार अंदाज बांधतो, साधारण त्यावरूनच. पत्ता अर्धवट आहे का, या ग्राहकाने आधी काही परत केलंय का, या पिनकोडवरून परती जास्त येतात का, ऑर्डर किती रुपयांची आहे, किती वाजता दिली. फरक एवढाच की दुकानदार चार-पाच गोष्टी बघतो, मॉडेल ८० बघतं, आणि कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते जुन्या ऑर्डरवरून स्वतः शिकतं. या ८० गोष्टींना इंजिनिअर 'फीचर्स' म्हणतात.

मग XGBoost म्हणजे काय? शिकण्याच्या अनेक पद्धतींपैकी ती एक. 'असं असेल तर इकडे, नसेल तर तिकडे' अशा छोट्या छोट्या प्रश्नमालिका एकामागून एक तयार करायच्या, आणि प्रत्येक नवीन मालिकेने आधीच्यांची चूक थोडी दुरुस्त करायची. एक्सेलसारख्या रकाने आणि ओळी असलेल्या डेटावर ही पद्धत खूप वापरतात. रिक्रूटरला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. पण प्रोफाइलमधून हे नाव काढून टाकू नका, कारण तो सर्च बॉक्समध्ये हेच नाव टाइप करत असतो. नाव राहू द्या, फक्त पहिल्या ओळीत नको.

अ‍ॅक्युरसीचा आकडा एकटा का सोडायचा नाही

आता हिशोब करू. कागद-पेन घ्या.

१ लाख ऑर्डर, २०,००० परत येणार. समजा मी एक 'मॉडेल' बनवलं जे काहीच बघत नाही, प्रत्येक ऑर्डरला म्हणतं "ही परत येणार नाही". ते किती वेळा बरोबर ठरेल? ८०,००० वेळा. म्हणजे अ‍ॅक्युरसी ८०%! काही न करता. जर परती १०० मागे ३ च असत्या, तर याच आळशी मॉडेलची अ‍ॅक्युरसी ९७% झाली असती. म्हणून ९७ हा आकडा एकटा दिसला की त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता आपल्या क्लायंटचं मॉडेल. कंपनीच्या कॉल सेंटरमधून दिवसाला ५०० फोन होऊ शकतात, म्हणजे महिन्याला १५,०००. म्हणून मॉडेल सगळ्यात जास्त गुणांच्या १५,००० ऑर्डर निवडतं. रेषा कुठे मारायची हे इथे फोन करणाऱ्यांच्या संख्येवरून ठरलं, हेही लक्षात ठेवा.

या १५,००० पैकी ९,००० खरंच परत येणाऱ्या निघतात. उरलेल्या ६,००० चांगल्या ऑर्डर असतात, त्यांच्यावर उगाच संशय घेतला. आणि परत येणाऱ्या एकूण २०,००० पैकी ११,००० मॉडेलच्या हातून सुटल्या.

बरोबर किती? पकडलेल्या ९,००० आणि न छेडलेल्या चांगल्या ७४,०००. एकूण ८३,०००. म्हणून ८३%. आळशी मॉडेलपेक्षा फक्त ३ ने जास्त! असं बघितलं तर वाटेल, काय हे काम.

पण वेगळा प्रश्न विचारा. मॉडेल नसतं आणि आपण डोळे मिटून १५,००० ऑर्डर निवडल्या असत्या, तर त्यात परत येणाऱ्या किती सापडल्या असत्या? १०० मागे २०, म्हणजे ३,०००. मॉडेलने ९,००० पकडल्या. तिप्पट! फोन तेवढेच, पगार तेवढाच, पण उपयोगी फोन तिप्पट.

हे वाक्य रिक्रूटरला एका दमात समजतं. इंजिनिअर लोक यालाच दोन नावांनी सांगतात. निवडलेल्यांपैकी किती खरे निघाले, १५,००० पैकी ९,०००, म्हणजे ६०%: हे प्रिसिजन. खऱ्यांपैकी किती सापडले, २०,००० पैकी ९,०००, म्हणजे ४५%: हे रिकॉल. प्रोफाइलच्या तंत्राच्या भागात हे दोन्ही शब्द ठेवा, कारण पुढच्या फेरीत टीम लीड तेच शोधणार आहे. पण वरच्या भागात साध्या भाषेत लिहा: "१०० फोन केले तर ६० योग्य माणसाला लागतात, आधी २० लागले असते."

तर पहिला नियम: प्रत्येक आकड्याशेजारी 'मॉडेल नसतं तर किती' हा आकडा हवाच. आणि आधी कंपनीत एखादा साधा नियम असेल, जसं की २,००० रुपयांवरच्या सगळ्या ऑर्डरना फोन करायचा, तर तुलना त्या नियमाशी करायची, डोळे मिटून निवडण्याशी नाही.

आकडा फार चांगला असेल तर जरा थांबा

९७ वाल्याकडे परत येऊ. समजा त्याच्याकडेही परती १०० मागे २० च आहेत, तरी ९७ आले. मग तो खरंच हुशार असेल? असू शकतो. पण आधी एक प्रश्न विचारायचा: "मॉडेलला जी माहिती दिली, ती सगळी अंदाज करायच्या वेळी हातात असते का?"

जुन्या ऑर्डरच्या यादीत एक रकाना असतो: डिलिव्हरी बॉयने किती वेळा प्रयत्न केला. ज्या ऑर्डर परत आल्या त्यांच्यात हा आकडा बहुतेक वेळा २ किंवा ३ असतो. हा रकाना मॉडेलला दिला की ते झटकन शिकतं: प्रयत्न ३ झाले म्हणजे परत येणार. अ‍ॅक्युरसी वर चढते. पण आपल्याला अंदाज हवाय पॅकिंगच्या आधी! तेव्हा प्रयत्न शून्य असतात, सगळ्यांचेच. म्हणजे पेपर फोडून पास झालेला मुलगा. इंजिनिअर याला 'डेटा लीकेज' म्हणतात. असं मॉडेल लॅपटॉपवर चमकतं आणि खऱ्या कामाला लावलं की पहिल्याच महिन्यात कोसळतं.

प्रोफाइल लिहिणाऱ्याने हे कसं ओळखायचं? कोड बघून नाही. दोन साध्या प्रश्नांनी. एक, मॉडेल खऱ्या ऑर्डरवर चालू झालं का, आणि किती महिने चाललं? दोन, चालू झाल्यावरचा आकडा लॅपटॉपवरच्या आकड्याच्या जवळ राहिला का? खरं काम केलेला माणूस म्हणेल, "थोडा खाली आला, दिवाळीत जास्त खाली गेला, मग नवीन डेटावर पुन्हा शिकवलं." उत्तरात असा खडबडीतपणा असेल तर बहुतेक वेळा काम खरं असतं. तोच खडबडीतपणा एका वाक्यात प्रोफाइलमध्ये येऊ द्या.

डेटा किती होता, हे कसं सांगायचं

बहुतेक प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतं 'लार्ज स्केल डेटा'. हे म्हणजे दुकानाच्या पाटीवर 'भरपूर माल' लिहिण्यासारखं झालं.

क्लायंटकडून दोन वेगळे आकडे काढायचे. पहिला, मॉडेल किती जुन्या ऑर्डरवर शिकलं. आपल्या उदाहरणात दोन वर्षांच्या ऑर्डर, म्हणजे साधारण २४ लाख. दुसरा, चालू झाल्यावर रोज किती कामं करतं. महिन्याला १ लाख म्हणजे दिवसाला साधारण ३,३००.

हे दोन आकडे रिक्रूटरला वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला सांगतो की माणसाने किती मोठा ढीग साफ करून वापरला. दुसरा सांगतो की त्याच्या कामावर रोज किती व्यवहार अवलंबून आहेत. आणि खरं सांगायचं तर २४ लाख ओळी आजच्या चांगल्या लॅपटॉपवर मावतात. त्याला 'बिग डेटा' म्हटलं की टीम लीड हसतो. २४ लाख लिहा, विशेषण लावू नका. ज्याला मोठा वाटायचा त्याला वाटेल, ज्याला मध्यम वाटायचा त्याला वाटेल, पण खोटं कोणाला वाटणार नाही.

काय मोजलं तेही लिहा. २४ लाख ऑर्डर आणि २४ लाख फोटो यांच्यात खूप फरक आहे. ऑर्डरची एक ओळ म्हणजे ८० रकाने, फोटो म्हणजे लाखो ठिपके. फोटोंना वेगळी मशीन लागतात, वेगळं कौशल्य लागतं.

वेगाचंही तसंच. क्लायंट लिहितो 'रिअल टाइम'. विचारा, उत्तर किती वेळात लागायचं? इथे फोन पॅकिंगच्या आधी करायचा आहे, म्हणून मॉडेल दर तासाला एकदा चालवलं तरी भागतं. मग 'दर तासाला' असंच लिहा. पेमेंट अडवणाऱ्या मॉडेलला मात्र कार्ड स्वाइप होताहोताच उत्तर द्यावं लागतं. ते वेगळं काम आहे. 'रिअल टाइम' लिहून गेलेल्या माणसाला पुढच्या फेरीत त्यावरच प्रश्न येतात, आणि तिथे तो अडकला तर बाकीचं खरं कामही संशयात जातं.

आणि आपल्या मराठी माणसांसाठी एक खास सूचना. प्रोफाइल इंग्रजीत जाणार आणि ते सिंगापूरला किंवा लंडनलाही वाचलं जाऊ शकतं. तिकडे लाख कळत नाही. २४ लाख म्हणजे २.४ मिलियन, १ लाख म्हणजे १०० हजार. रूपांतर करताना शून्य मोजा, दोनदा मोजा.

पैसे किती वाचले? इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

क्लायंट उत्साहात सांगेल: "मॉडेलने ९,००० परती पकडल्या, एका परतीला १५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेतेरा लाख वाचवले!" आणि आपण ते छापून मोकळे.

थांबा. पकडली म्हणजे वाचली का? फोन लावल्यावर काही जण म्हणतात "कॅन्सल करा", तिथे कुरिअर वाचलं. काहींचा पत्ता दुरुस्त होतो, तिथे विक्री वाचली. पण काही फोनच उचलत नाहीत. काही "हो हो पाठवा" म्हणतात आणि दारात नाही म्हणतात. समजा ९,००० पैकी ४,००० खरोखर वाचल्या. ४,००० गुणिले १५०, म्हणजे ६ लाख.

आता खर्च. १५,००० फोन, एका फोनला १० रुपये धरले तर दीड लाख. आणि ज्या ६,००० चांगल्या गिऱ्हाइकांना उगाच फोन गेला, त्यातले ३०० वैतागून ऑर्डर रद्द करतात असं धरा. एका ऑर्डरमागे २०० रुपये नफा असेल तर ६०,००० गेले.

६ लाखांतून दीड लाख आणि ६०,००० वजा. राहिले ३ लाख ९० हजार, दर महिन्याला. साडेतेरा लाख कुठे आणि ३ लाख ९० हजार कुठे! पण हा दुसरा आकडा असा आहे की इंटरव्ह्यूत कोणीही उलटसुलट विचारलं तरी क्लायंट पाय रोवून उभा राहील. वर, आपलं काम चांगल्या गिऱ्हाइकाला कुठे त्रास देतं हेही त्याला माहीत आहे असं दिसतं.

याला बारा महिन्यांनी गुणून वर्षाचा आकडा लिहायचा मोह होईल. आकडा एकाच महिन्यातून आला असेल तर तो महिन्याचाच ठेवा. सणाच्या महिन्यातल्या परती आणि इतर महिन्यांतल्या परती सारख्या नसतात.

हे मॉडेलमुळेच झालं, कशावरून?

हा प्रश्न चांगला रिक्रूटर विचारतो, आणि टीम लीड तर हमखास. समजा ऑक्टोबरमध्ये परती २०,००० होत्या आणि डिसेंबरमध्ये १६,०००. पण मध्ये दिवाळी संपली, कुरिअर कंपनी बदलली, किंवा स्वस्त माल विकणं बंद झालं. श्रेय कोणाचं?

म्हणून चांगल्या टीम ग्राहकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एका गटात मॉडेलने सांगितलेल्यांना फोन, दुसऱ्या गटात सगळं जुन्या पद्धतीने. महिना तोच, कुरिअर तोच, माल तोच. याला ए-बी टेस्ट म्हणतात. आपल्या उदाहरणात जुन्या गटात १०० मागे २० परत आल्या, मॉडेलच्या गटात १६. हा ४ चा फरक मॉडेल आणि फोन या दोघांचा मिळून.

इथे दोन बारकावे आहेत. एक, परतीचं पार्सल घरी यायला दिवस लागतात. महिना संपला त्याच दिवशी निकाल काढला तर अजून रस्त्यावर असलेली पार्सलं मोजली जात नाहीत आणि दोन्ही गटांत परती कमी दिसतात. म्हणून विचारा, "टेस्ट संपल्यावर किती दिवस थांबलात?" दोन, मघाचं ६०% प्रिसिजन फोन न केलेल्या गटातच मोजता येतं. ज्यांना फोन केला त्यांची ऑर्डर तर आपणच वाचवली, मग ती परत आली असती की नाही हे कसं कळणार? दुसरा गट ठेवलेला असणं हीच सांगते की इंजिनिअर नीट काम करणारा आहे.

टेस्ट केलेली नसेल तर? लपवू नका. "आधीच्या तीन महिन्यांच्या तुलनेत" असं लिहा. दावा लहान होतो, पण टिकतो.

टक्केही जपून लिहा. २० वरून १६ म्हणजे कोणी लिहील '४% घट', कोणी लिहील '२०% घट'. दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर आहेत आणि वाचणारा दोन्हीकडे फसतो. सरळ लिहा: १०० मागे २० वरून १६.

कंपनीचे आकडे बाहेर सांगायला करारात मनाई असेल तर रुपये आणि ऑर्डरची संख्या काढून टाका. "परतीच्या पार्सलमध्ये पाचव्या हिश्श्याची घट, ए-बी टेस्टने तपासलेली" एवढं लिहिलं तरी पुरेसं वजन येतं. हे क्लायंटला आधीच विचारून घ्या, प्रोफाइल छापल्यावर नाही.

आता प्रोफाइल लिहू

लिंक्डइनवर हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात आणि About भागाला २,६००. पण About मध्ये सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. म्हणून मुख्य काम वर, तंत्र खाली. मी इथे मराठीत देतेय, तुम्ही याचं साधं इंग्रजी करायचं.

हेडलाइन:

> मशीन लर्निंग इंजिनिअर | ई-कॉमर्समध्ये परत येणाऱ्या ऑर्डर पाठवण्याआधी ओळखणारी मॉडेल्स | Python, SQL, XGBoost

About:

> कॅश ऑन डिलिव्हरीची कोणती ऑर्डर परत येईल हे पॅकिंगच्या आधी सांगणारं मॉडेल मी बनवलं आणि चालू ठेवलं. ए-बी टेस्टमध्ये परत येणाऱ्या ऑर्डर १०० मागे २० वरून १६ वर आल्या. फोनचा खर्च आणि रद्द झालेल्या ऑर्डर वजा करून बचत महिन्याला साधारण ३.९ लाख रुपये.
>
> महिन्याला १ लाख ऑर्डर मॉडेलमधून जातात. त्यातल्या १५,००० ते फोनसाठी निवडतं. निवडलेल्या १०० पैकी ६० खरंच परत येणाऱ्या असतात. न बघता निवडल्या तर २० असत्या.
>
> माझा भाग: दोन वर्षांच्या २४ लाख ऑर्डरमधून डेटा तयार करणं, मॉडेल शिकवणं, ते दर तासाला आपोआप चालवणं, दर महिन्याला तपासून गरज पडेल तेव्हा पुन्हा शिकवणं. फोनची पद्धत ऑपरेशन्स टीमने बसवली.
>
> तंत्र: XGBoost, Python, SQL. प्रिसिजन ६०%, रिकॉल ४५%.

८३% कुठे गेले? काढून टाकले. खोटे नव्हते, पण रिक्रूटरला चुकीच्या तुलनेकडे नेत होते.

'माझा भाग' हा परिच्छेद कधीच सोडू नका. डेटा आणून साठवणारा डेटा इंजिनिअर, प्रश्न मांडून विश्लेषण करणारा डेटा सायंटिस्ट, आणि मॉडेल बनवून ते रोज चालतं ठेवणारा मशीन लर्निंग इंजिनिअर. छोट्या कंपनीत एकच माणूस तिन्ही करतो, मोठ्या कंपनीत तीन जागा असतात. रिक्रूटरला आपली जागा कुठली आणि हा माणूस त्यात बसतो का, हे याच परिच्छेदावरून कळतं. 'आम्ही केलं' लिहिलं की त्याला काहीच कळत नाही.

क्लायंटला विचारायचे सहा प्रश्न

क्लायंटबरोबर पहिला कॉल करताना ही यादी समोर ठेवा आणि उत्तरं याच क्रमाने लिहून घ्या:

१. मॉडेलच्या उत्तरावरून कोण काय वेगळं करतं? (आपल्या उदाहरणात, कॉल सेंटर फोन करतं.)
२. मॉडेल नव्हतं तेव्हा ते काम कसं व्हायचं आणि किती जमायचं?
३. किती जुन्या डेटावर शिकवलं आणि आता रोज किती कामं करतं?
४. खऱ्या कामावर किती महिने चाललं आणि आकडा कधी घसरला?
५. फरक मॉडेलमुळेच पडला हे कसं तपासलं, आणि त्यासाठी काय खर्च झाला?
६. यातलं तुम्ही स्वतः काय केलं आणि यातलं काय बाहेर सांगायला परवानगी आहे?

पहिल्याच प्रश्नाला "कोणी काही करत नाही, डॅशबोर्डवर दिसतं" असं उत्तर आलं, तर पैशांचा आकडा लिहूच नका. मॉडेल चांगलं असेल, पण त्यावरून अजून कोणी निर्णय घेतलेला नाही. तिथे "प्रायोगिक" हा शब्द लिहायचा आणि बाकीचं काम नीट मांडायचं.

प्रोफाइल तयार झालं की घरातल्या किंवा दुकानातल्या एखाद्या माणसाला About मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, "हा माणूस काय करतो?" त्याने "परत येणारी पार्सलं आधी ओळखतो" असं सांगितलं, तर रिक्रूटरलाही कळेल. मग तेच प्रोफाइल क्लायंटला द्या आणि म्हणा, "यातल्या प्रत्येक आकड्यावर मला दोन उलट प्रश्न विचारल्यासारखे विचारून बघा, तुमच्याकडे उत्तर आहे ना?" जिथे उत्तर नाही तो आकडा काढायचा.

प्लेसमेंटवाल्यांनी हेच सहा प्रश्न उमेदवाराला पहिल्या फोनवर विचारा. पुढच्या वेळी ८३ आणि ९७ समोर आले की कोणाला पुढे पाठवायचं ते तुम्हाला मार्कांवरून ठरवावं लागणार नाही.

तुमच्याकडे असा क्लायंट असेल तर नाव आणि कंपनी न लिहिता त्याची एक ओळ कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या दोन-तीन आपण मिळून सुधारू.